मायलेकाचं एकच दुखणं: मुडदूस आणि ऑस्टिओमलेशिया

मुलगा चौदा महिन्यांचा, आजीच्या कडेवर. तक्रार एकच, "अजून पाऊल टाकत नाही." धरून उभा राहतो, पण लगेच मटकन बसतो. झोपेत डोकं घामानं भिजतं, उशी ओली होते. मी त्याचं मनगट हातात घेतलं. बाळाच्या मनगटावर एरवी गुबगुबीत वळी असते, तिथे त्याला हाडाचा जाड कंगोरा लागत होता, जणू एकावर एक दोन मनगटं. छातीवरून बोट फिरवलं तर बरगड्यांच्या टोकाशी मण्यांची ओळ. टाळूही अजून चांगलीच मोकळी. मुडदूस आहे हे कळायला एवढं पुरे होतं.

त्याची आई समोरच्या बुटक्या स्टुलावर बसली होती. मुलाला घ्यायला उठताना तिनं आधी एक हात मांडीवर रेटला, दुसऱ्या हातानं टेबलाची कड धरली आणि मग शरीर वर ढकललं. वय सव्वीस. दाराकडे जाताना ती दोन्ही बाजूंना झुलत, बदकासारखी चालली. विचारल्यावर म्हणाली, "बाळंतपणापासून कंबर आणि मांड्या दुखतात. सगळे म्हणतात वात आहे. गोळी घेतली की तेवढ्यापुरतं बरं वाटतं." मी दोघांचेही रक्त आणि एक्स-रे लिहून दिले. आजींना ते जरा जास्तच वाटलं, कारण आजारी तर नातू होता.

(ही दोघं खरी एकच जोडी नाहीत. अशा अनेक मायलेकरांना जोडून मी ती घडवली आहेत. रिपोर्टांतले आकडे मात्र अशा जोड्यांमध्ये दिसतात तसेच आहेत.)

हाड म्हणजे स्लॅबसारखी गोष्ट आहे. आधी सळयांची जाळी बांधायची, मग तिच्यात काँक्रीट ओतायचं. हाडातली जाळी प्रथिनांची असते आणि काँक्रीट कॅल्शियम-फॉस्फेटच्या क्षारांचं. वयपरत्वे होणाऱ्या ऑस्टिओपोरोसिसमध्ये जाळी आणि काँक्रीट दोन्ही कमी होतात, पण जे उरतं ते पक्कं असतं. आपल्या या दुखण्यात जाळी बांधून तयार असते, काँक्रीट मात्र येत नाही. म्हणून हाड मऊ राहतं, वाकतं आणि दुखतं. मोठ्या माणसात याला ऑस्टिओमलेशिया म्हणतात.

मग मुलाचं दुखणं वेगळं का दिसतं? मुलांच्या लांब हाडांच्या टोकाशी कूर्चेची एक पट्टी असते, तिला वाढपट्टी म्हणू. उंची तिथेच वाढते. तिथल्या पेशी रांगेनं वाढतात, फुगतात, आणि वेळ झाली की मरून हाडाला जागा करून देतात. त्यांनी वेळेवर मरावं यासाठी आजूबाजूला पुरेसं फॉस्फेट लागतं. ते कमी पडलं की फुगलेल्या पेशी जागच्या हलत नाहीत, मागून नव्या येतच राहतात, आणि मऊ कूर्चेचा ढीग आडवा पसरतो. मनगटाचा कंगोरा आणि बरगड्यांचे मणी म्हणजे हाच ढीग. आईच्या वाढपट्ट्या केव्हाच बंद झाल्या आहेत, त्यामुळे तिला मुडदूस होऊच शकत नाही. उलट मुलाला मात्र दोन्ही आहेत: वाढपट्टीत मुडदूस आणि बाकीच्या हाडात ऑस्टिओमलेशिया. दोन नावांमधला फरक एवढ्या एका पट्टीचा आहे.

आता रिपोर्ट. मुलाचं कॅल्शियम ८.२, म्हणजे थोडंसंच कमी. फॉस्फरस २.४. अल्कलाइन फॉस्फटेज १,२४०. पॅराथायरॉइड हार्मोन, म्हणजे पीटीएच, ३१०; लॅबची वरची मर्यादा ६५. व्हिटॅमिन डी ५ नॅनोग्रॅम. आईचं कॅल्शियम ८.४, फॉस्फरस २.३, अल्कलाइन फॉस्फटेज २९०, पीटीएच २४०, आणि व्हिटॅमिन डी चारच्याही खाली. दोघांचं क्रिएटिनिन ठीक, म्हणजे मूत्रपिंडावर संशय घ्यायला जागा नाही.

हे आकडे पाठ करण्यापेक्षा त्यांची साखळी समजून घेतलेली बरी. व्हिटॅमिन डी नसेल तर खाल्लेल्या कॅल्शियमपैकी आतडं जेमतेम १० ते १५ टक्के उचलतं. पुरेसं असेल तर ३० ते ४० टक्के. रक्तातलं कॅल्शियम पडलं तर स्नायू आखडतात, झटके येतात, हृदयाचं काम बिघडतं. म्हणून ते सावरायला शरीर हाडं गहाण टाकायला तयार असतं. हा व्यवहार पीटीएच करतं. ते हाडातून कॅल्शियम काढतं, लघवीतून जाणारं कॅल्शियम अडवतं, आणि त्याच वेळी फॉस्फेट मात्र लघवीवाटे बाहेर टाकतं. म्हणून कॅल्शियम जवळजवळ जागेवर दिसतं, पण फॉस्फरस घसरतो, आणि त्याबरोबर हाडाचं काँक्रीटही. अल्कलाइन फॉस्फटेज हे हाड बांधणाऱ्या पेशींचं विकर. माल मिळत नसताना त्या पेशी जाळीवर जाळी बांधत सुटतात, म्हणून ते चढतं.

या साखळीतूनच एक फसवी गोष्ट निघते. अगदी सुरुवातीला कॅल्शियम कमी असतं आणि फॉस्फरस ठीक असतो. मग पीटीएच कामाला लागलं की कॅल्शियम पुन्हा नॉर्मल होतं. पुढे सगळंच थकलं की दोन्ही कमी. म्हणजे मधल्या टप्प्यावर कोणी फक्त कॅल्शियम तपासून "नॉर्मल आहे, हाडांचं काही नाही" म्हटलं तर रोग तिथेच निसटतो. आमच्या या आईचं कॅल्शियम सहा महिन्यांपूर्वी तपासलं होतं आणि ते नॉर्मल आलं होतं. तो कागद तिनं जपून ठेवला होता.

दुसरी चूक लॅबच्या छापील मर्यादेमुळे होते. मुलाच्या फॉस्फरसपुढे मर्यादा छापली होती २.५ ते ४.५. ती मोठ्या माणसांची. त्या हिशेबानं २.४ म्हणजे किंचित कमी, सोडून देण्यासारखं. पण या वयाच्या मुलात फॉस्फरस साधारण ४ ते ६.५ हवा, म्हणजे त्याचा निम्म्याजवळ आला होता. अल्कलाइन फॉस्फटेजचं उलट आहे. वाढत्या मुलात ते मोठ्यांपेक्षा बरंच जास्त असणं साहजिक आहे, त्यामुळे एखाद्या मुलाचं ३०० पाहून घाबरायचं नाही. आईचं २९० मात्र दुपटीहून जास्त आहे.

तिसरी चूक महागडी. व्हिटॅमिन डीच्या दोन तपासण्या मिळतात. शरीरातला साठा दाखवते ती २५-हायड्रॉक्सी. दुसरी, १,२५-डायहायड्रॉक्सी, हे मूत्रपिंडात तयार होणारं अंतिम रूप. पीटीएच वाढलं की मूत्रपिंड उरलासुरला साठा ढवळून हे अंतिम रूप बनवतं, त्यामुळे घरात दाणा नसतानाही ते नॉर्मल किंवा जास्त येऊ शकतं. ही दुसरी तपासणी नावानं जास्त भारी वाटते म्हणून कोणी करून आणली तर निदान भलतीकडे जातं. पोषणाच्या मुडदुसात पहिलीच हवी.

आणि एक आकडा थांबवणारा: हाडं मुडदुसाची दिसतात, पण अल्कलाइन फॉस्फटेज वयाच्या मानानं कमी. तसं असेल तर हायपोफॉस्फटेशिया हा जन्मजात दोष मनात आणायचा. तिथे कॅल्शियम आधीच चढं असू शकतं, आणि सवयीनं व्हिटॅमिन डी ओतलं तर अपाय होतो.

एक्स-रे मनगटाचा आणि गुडघ्याचा काढतात, कारण वाढ तिथे सर्वांत वेगानं होते आणि बिघाडही तिथेच आधी उमटतो. निरोगी मुलात हाडाचं टोक सपाट, त्यावर एक रेखीव पांढरी रेघ. आमच्या मुलाच्या फिल्मवर ती रेघ नव्हतीच. हाडाचं टोक वाटीसारखं खोलगट झालेलं, रुंद पसरलेलं, आणि कड जुन्या झिजलेल्या दाढीच्या ब्रशसारखी पिंजारलेली. हाडाचा मुख्य भाग आणि टोकाचा ठिपका यांच्यातलं काळं अंतर वाढलेलं. ते अंतर म्हणजेच न गळालेल्या पेशींचा ढीग, कारण कूर्चा एक्स-रेवर दिसत नाही. पालकांना फिल्म दाखवायची असेल तर मी करंगळीकडचं हाड दाखवतो. तिथली वाटी सगळ्यात स्पष्ट असते.

आईच्या मनगटाच्या फिल्ममध्ये यातलं काहीही दिसलं नसतं, म्हणून तिचा ओटीपोटाचा एक्स-रे काढला. मांडीच्या हाडाच्या मानेवर, आतल्या बाजूला, हाडाला काटकोनात एक आडवी फिकट रेघ, दोन्ही कडांना बारीक पांढरी किनार. दुसऱ्या मांडीवर जवळजवळ त्याच जागी तशीच दुसरी. या लूझरच्या रेघा. हाडाला रोजच्या भारानं बारीक चीर पडते, शरीर ती जाळीनं सांधतं, पण काँक्रीट न मिळाल्यानं सांधा कच्चाच राहतो. त्या दोन्ही बाजूंना सारख्या असणं ही मोठी खूण आहे. जांघेपुढच्या हाडावर, बरगड्यांवर आणि खांद्याच्या फऱ्याच्या कडेवरही त्या सापडतात. ऑस्टिओपोरोसिसची औषधं वर्षानुवर्षं घेणाऱ्यांच्या मांडीला पडणारी चीर वेगळी. ती हाडाच्या बाहेरच्या बाजूनं सुरू होते.

या टप्प्यावर घनता मोजणारी डेक्सा तपासणी केली तर ती कमीच येणार, आणि मग "ऑस्टिओपोरोसिस" असा शिक्का बसतो. मशीन फक्त क्षार मोजतं. जाळी कमी आहे की काँक्रीट, हे त्याला कळत नाही. साध्या ऑस्टिओपोरोसिसमध्ये कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज तिन्ही नॉर्मल असतात. ते न पाहता हाडांची झीज थांबवणारं इंजेक्शन ऑस्टिओमलेशियात दिलं, तर पीटीएचला हाडातून कॅल्शियम काढायची वाट बंद होते आणि रक्तातलं कॅल्शियम धोकादायक खाली येऊ शकतं.

"पण डॉक्टर, आम्ही रोज सकाळी सातला त्याला कोवळ्या उन्हात न्यायचो," आजी म्हणाल्या. "तेल लावून. हिलाही शेक-शेगडी सगळं केलं."

आजींचं काही चुकलं नव्हतं, फक्त वेळ चुकली होती. त्वचेत व्हिटॅमिन डी बनवणारे किरण सूर्य खाली असताना हवेतच अडतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडते तेव्हाच ते पुरेसे पोचतात, म्हणजे साधारण दहा-अकरानंतर. बाल्कनीची काच बंद असेल तर तेही नाही. काच हे किरण जवळजवळ पूर्ण अडवते. सावळ्या कातडीला जास्त वेळ लागतो. आणि ही सून दुपारी बाहेर पडत नव्हती, पडली तर स्कार्फ आणि हातमोजे घालून स्कूटरवर.

ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. १९२२ मध्ये हचिसन आणि शाह या डॉक्टरांनी नाशिकची पाहणी छापली. तिथे निकृष्ट जेवणावर जगणाऱ्या पण दिवसभर बाहेर राबणाऱ्या गरिबांच्या घरात मुडदूस दिसला नाही. तो दिसला पडदा पाळणाऱ्या खात्यापित्या घरांतल्या बायका-मुलांत.

मूल गर्भात असताना आईच्याच साठ्यावर जगतं. इथे तो साठाच नव्हता. पुढे दहा महिने फक्त अंगावरचं दूध. आईचं दूध बाकी सगळ्यात उत्तम, पण त्यात व्हिटॅमिन डी फारच थोडं असतं, म्हणून पहिलं वर्षभर रोज ४०० युनिटचे थेंब द्यायचे असतात. थेंब आणले होते, पण एक बाटली संपल्यावर दुसरी आली नाही. वरचं सुरू झालं ते डाळीचं पाणी आणि भात, म्हणजे कॅल्शियमही नाही.

उपचाराचे हिशेब आता सोपे वाटतील. (डोस समजण्यापुरते देतो, स्वतःच्या मुलाचा डोस बालरोगतज्ज्ञाकडूनच ठरवून घ्या.) मुडदुसावरच्या २०१६ च्या आंतरराष्ट्रीय एकमतानुसार बारा महिन्यांखालच्या बाळाला रोज २,००० युनिट, बारा महिने ते बारा वर्षं ३,००० ते ६,००० युनिट, किमान बारा आठवडे. रोज देणं जमणारच नसेल तर वयानुसार एकच मोठा डोस देता येतो, पण तीन महिन्यांखालच्या बाळाला तो देत नाहीत. आमच्या मुलाला रोज ३,००० दिले. आईला ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, आणि मग महिन्यातून एक.

याबरोबर कॅल्शियम हवंच. मुलाला रोज ५०० मिलिग्रॅम, आईला साधारण १,०००. नुसतं व्हिटॅमिन डी दिलं की वर्षभर उपाशी असलेली हाडं रक्तातलं कॅल्शियम अधाशासारखी ओढून घेतात आणि मुलाला झटका येऊ शकतो. यालाच आम्ही भुकेलं हाड म्हणतो. शिवाय काही ठिकाणी ऊन भरपूर असूनही केवळ आहारातल्या कॅल्शियमअभावी मुडदूस होतो. नायजेरियात १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा मुलांना नुसत्या व्हिटॅमिन डीपेक्षा कॅल्शियमनं, एकट्यानं किंवा जोडीनं, जास्त गुण आला होता.

कॅल्शियम घेताना लेबल नीट वाचा. कॅल्शियम कार्बोनेटच्या १,२५० मिलिग्रॅम गोळीत प्रत्यक्ष कॅल्शियम ५००च असतं. ती जेवणाबरोबर घ्यायची. दुधात १०० मिलीमागे साधारण १२० मिलिग्रॅम मिळतं. नाचणीत कॅल्शियम भरपूर, पण त्यातले फायटेट ते धरून ठेवतात. भिजवून मोड आणलेल्या नाचणीचं सत्त्व म्हणूनच जास्त कामाचं.

घोळ होतो तो मोजमापात. थेंबांच्या बाटल्या १ मिलीत ४०० युनिटच्याही मिळतात आणि ८०० च्याही. दुकानदारानं दुसरी दिली की त्याच खुणेपर्यंत भरलेल्या ड्रॉपरमधून दुप्पट जातं. याहून वाईट म्हणजे आठवड्याची पुडी "ताकद येते" म्हणून रोज घेणं, किंवा दुखणं थांबेना म्हणून महिन्या-महिन्याला सहा लाख युनिटचं इंजेक्शन टोचून घेणं. मग कॅल्शियम उलट दिशेनं वाढतं: भूक मरते, उलट्या, बद्धकोष्ठ, सारखी तहान आणि लघवी, आणि शेवटी मूत्रपिंडाला इजा. कॅल्सिट्रिऑल हे तयार अंतिम रूपही इथे उगाच देतात. त्यानं साठा भरत नाही आणि कॅल्शियम मात्र झपाट्यानं चढू शकतं. त्याची जागा मूत्रपिंडाच्या आणि काही जन्मजात दोषांत आहे.

औषध लागू पडतंय हे आधी फॉस्फरस सांगतो. तो पहिल्या काही आठवड्यांतच वर येतो. अल्कलाइन फॉस्फटेज सुरुवातीला थोडं वाढूही शकतं, कारण माल आल्यावर बांधणाऱ्या पेशी आणखी जोरात लागतात. ते उतरायला महिने जातात, म्हणून त्याच्यावरून घाईनं डोस वाढवू नये. सगळ्यात बोलकी खूण एक्स-रेवर: चार आठवड्यांनी आमच्या मुलाच्या हाडाच्या टोकाशी नवी पांढरी रेघ उमटली होती. क्षार पुन्हा बसायला लागल्याची ती नोंद. आईचं दुखणं सहा आठवड्यांत निम्म्यावर आलं. मांडीच्या रेघा मात्र सावकाश भरल्या.

तीन महिने नीट औषध पोटात जाऊनही पांढरी रेघ आली नाही, तर डोस दुप्पट करायचा नाही, निदान पुन्हा तपासायचं. विशेषतः पीटीएच नॉर्मल किंवा जेमतेम वाढलेलं, कॅल्शियम नॉर्मल, आणि फॉस्फरस मात्र कमी, असं चित्र असेल तर बिघाड पीटीएचच्या साखळीत नाही. मूत्रपिंड स्वतःहूनच फॉस्फेट गळू देतंय. मुलात हा बहुधा जन्मजात दोष असतो. मोठ्या माणसात एखादी बारीकशी गाठ, टेनोफोविरसारखं औषध, किंवा शिरेतून दिलेलं फेरिक कार्बोक्सिमाल्टोज हे लोह याच्या मागे निघू शकतं. फिटच्या काही जुन्या गोळ्या व्हिटॅमिन डी लवकर संपवतात. ते वेगळं, पण औषधांची यादी विचारल्याशिवाय कळत नाही.

तिसऱ्या भेटीत मुलगा भिंत धरून पावलं टाकत आला. उभा राहिल्यावर पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले दिसत होते, आणि आजींना आता तीच काळजी. "पट्टे बांधायचे का? ऑपरेशन लागेल का?" लहान वयातला असा बाक हाडं भरल्यावर वाढीबरोबर एक-दोन वर्षांत बहुतेक आपोआप सरळ होतो, आणि मऊ हाडावर ऑपरेशन केलं तर बाक परत येतो. म्हणून मी दोन गुडघ्यांतलं अंतर टेपनं मोजलं आणि फाइलवर तारीख घालून लिहून ठेवलं. पुढचं मोजमाप सहा महिन्यांनी. तोवर मुलाचे रोजचे ६०० युनिट आणि आईची महिन्याची पुडी चालू. आईला आणखी एक सांगितलं: पुढचं बाळंतपण ठरवायच्या आधी २५-हायड्रॉक्सी एकदा तपासून घ्यायचं.